हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी लावलाय, तर काय विचारायचं आणि कसं विचारायचं

माझं काम अकाउंट्सचं, सांगलीत. ऑफिसमधली माणसं टूरवर जाऊन आली की त्यांची जेवणाची बिलं माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळं कराडपासून मिरजेपर्यंत आणि वर महाबळेश्वरपर्यंतची हॉटेलची बिलं मी रोजच बघतो. त्यातली बरीच बिलं बरोबर असतात, पण जी चुकलेली असतात ती ठरलेल्या दोन-तीन जागीच चुकलेली असतात, आणि ज्यानं पैसे दिले त्याला ते माहीतच नसतं. नोकरीला किंवा कॉलेजला नवीन आलेली पोरं तर बिलाखालचा आकडा बघून सरळ स्कॅन करून मोकळी होतात. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. कायद्याचं पुस्तक नाही लिहीत, टेबलावर बसून पाच मिनिटांत काय तपासता येतं तेवढंच सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटी हा सरकारचा कर आहे, हॉटेलवाला तो आपल्याकडून घेऊन सरकारला भरतो, आणि तो लागू असेल तर द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा सरकारचा कर नाही, त्यातला एक रुपया पण सरकारकडं कर म्हणून जात नाही, ती हॉटेलनं स्वतः लावलेली रक्कम आहे आणि ती द्यायची का नाही हे आपण ठरवायचं. २०१७ च्या आधी सर्व्हिस टॅक्स नावाचा खरा सरकारी कर होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाला, पण नाव इतकं सारखं आहे की अजून निम्म्या लोकांना वाटतं सर्व्हिस चार्ज म्हणजे तोच. आजच्या बिलावर कुठं सर्व्हिस टॅक्स असंच छापलेलं दिसलं तर ते सरळ चूक आहे.

जवळ काय लागतं

- छापील बिल, फक्त यूपीआयची पावती नको. यूपीआयमध्ये फक्त एकूण रक्कम दिसते, आत काय लावलं ते कळत नाही
- बिलाचा मोबाईलवर फोटो, त्याच दिवशी काढलेला. हॉटेलचं बिल थर्मल कागदावर असतं, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलं की दोन दिवसात कोरं होतं
- मेनूकार्डाचा फोटो, विशेषतः खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते पान
- नेट चालू असलेला मोबाईल, जीएसटी नंबर तपासायला

बिल दिलंच नाही तर मागून घ्या. रक्कम २०० रुपयांच्या आत असेल तर हॉटेलवाल्याला दरवेळी बिल फाडायची सक्ती नाही, पण आपण मागितलं की द्यावं लागतं, हे विसरू नका.

१. पैसे द्यायच्या आधी बिल वरून खाली वाचा

आपण उलटं वाचतो, आधी खालचा आकडा. तसं नको. सगळ्यात वर हॉटेलचं नाव, त्याखाली जीएसटी नंबर असतो, पंधरा अक्षरांचा, आणि महाराष्ट्रातल्या हॉटेलचा असेल तर सुरुवात २७ नं होते. मग पदार्थ, नग, दर. मग पदार्थांची बेरीज. आता या बेरजेनंतर आणि करांच्या आधी मध्येच एखादी ओळ आली आहे का ते बघा, सर्व्हिस चार्ज बहुतेक तिथंच लपलेला असतो. त्यानंतर सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी, एक केंद्राचा आणि एक राज्याचा, दोन्ही सारख्याच रकमेच्या. शेवटी राउंड ऑफ, म्हणजे पैसे काढून पूर्ण रुपया केलेला, तिथं पन्नास पैशापेक्षा जास्त फरक नसतो.

पदार्थ पण मोजा हो. रोट्या आठ खाल्ल्या आणि बिलात अकरा, पाण्याची बाटली उघडली नाही तरी लावलेली, हे सर्व्हिस चार्जपेक्षा जास्त वेळा होतं.

२. सर्व्हिस चार्जची ओळ ओळखा

आपल्याकडच्या साध्या खानावळीत, ढाब्यावर, थाळीच्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज मला फारसा दिसत नाही. दिसतो तो नवीन झालेल्या मोठ्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टमध्ये, आणि दहा-बारा माणसांची पार्टी एकत्र बसली की. दर बहुतेक ५ ते १० टक्के. नाव दरवेळी सर्व्हिस चार्जच असेल असं नाही, नुसतं एस.सी. लिहितात, स्टाफ वेल्फेअर लिहितात, स्टाफ कॉन्ट्रिब्युशन लिहितात. नाव कुठलंही असलं तरी नियम एकच.

नियम असा की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं पण घ्यायचा नाही, गिऱ्हाइकावर सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं, तो देणार नाही म्हणून आत यायला किंवा सेवा द्यायला नकार द्यायचा नाही, आणि जेवणाच्या बिलात मिळवून त्या सगळ्यावर जीएसटी लावून तर अजिबात घ्यायचा नाही. हॉटेलांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, तिथं आधी स्थगिती मिळाली, म्हणून दोन-अडीच वर्षं सगळा गोंधळ होता. मग २८ मार्च २०२५ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि सूचना योग्य ठरवल्या. संघटना त्यावर अपिलात गेल्यात.

इथं एक नेहमीचं उत्तर ऐकायला मिळतं, "ते दिल्लीचं हाय, सांगलीत न्हाई चालत." चालतं. सूचना दिल्ली सरकारच्या नाहीत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्राच्या प्राधिकरणानं काढलेल्या आहेत आणि त्या देशभरासाठी आहेत, कोर्ट फक्त दिल्लीतलं होतं.

दुसरं उत्तर, "मेनूवर लिहिलंय की, तुम्ही वाचून बसलात." मेनूवर लिहिलं म्हणून ते सक्तीचं होत नाही. मेनूवर दर लिहिलेत ते मान्य करून आपण बसतो हे खरं, पण सूचनांचा सगळा रोखच हा आहे की पदार्थाचा दर आणि लागू असलेला कर याच्यावर आपोआप काही लावायचं नाही. हॉटेलवाल्याला खर्च परवडत नसेल तर त्यानं दर वाढवावेत, तो त्याचा हक्क आहे, त्याला कुणी अडवत नाही.

३. काढून टाका असं कसं म्हणायचं

हे मी एका बिलावरच दाखवतो. विश्रामबागच्या बाजूला एक नवीन रेस्टॉरंट झालेलं, वडिलांना घेऊन घरची सगळी गेलो होतो. बिल असं आलं:

- पनीर हंडी १: २८०
- अख्खा मसूर १: १९०
- मटण थाळी २: ७६०
- चिकन थाळी १: ३००
- जिरा राईस १: १५०
- रोटी ८: २००
- सोलकढी २: ६०
- पाणी बाटली २: ६०
- बेरीज: २०००
- सर्व्हिस चार्ज १० टक्के: २००
- एकूण: २२००
- सीजीएसटी २.५ टक्के: ५५
- एसजीएसटी २.५ टक्के: ५५
- द्यायची रक्कम: २३१०

आता नीट बघा. जीएसटी २००० वर नाही लावलेला, २२०० वर लावलाय. म्हणजे सर्व्हिस चार्जचे २०० तर गेलेच, वर त्याच्यावरचा कर १० रुपये पण गेला. सर्व्हिस चार्ज नसता तर २००० वर ५० आणि ५०, म्हणजे २१००. फरक २१० चा आहे, २०० चा नाही.

वेटर फोल्डरमध्ये बडीशेप घेऊन उभा होता. मी त्याला काही म्हटलं नाही, कारण बिल त्यानं काढलेलं नसतं आणि कमी करायचा अधिकार पण त्याला नसतो, त्याला सगळ्यांसमोर बोलून उगाच त्याचंच तोंड पडतं. उठून काउंटरवर गेलो आणि म्हटलं, "दादा, जेवण छान होतं, पण हा सर्व्हिस चार्ज आम्हाला द्यायचा नाही, तो काढून बिल परत काढून द्या."

तो म्हणाला, "साहेब, ते सिस्टीममधनंच येतंय, निघत न्हाई."

"निघतं दादा, बिल कॅन्सल करून परत मारा, नाहीतर मालकांना फोन लावून द्या, मी बोलतो."

फोन लावला नाही, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि मग पेनानं २०० वर काट मारून खाली २११० लिहून दिलं. इथंच लोक खूश होऊन पैसे देऊन निघतात. थांबा. दोन कारणं आहेत. एक तर वरचे १० रुपये कराचे तसेच राहिले. आणि त्याहून मोठं म्हणजे मशीनमध्ये बिल अजून २३१० चंच आहे, आपल्या हातातला कागद एक सांगतो आणि त्यांचा हिशोब दुसरंच. उद्या तक्रार करायची म्हटली किंवा ऑफिसमध्ये बिल लावायचं म्हटलं तर खाडाखोड केलेला कागद कुणी धरत नाही. म्हणून नवीन बिल मागायचं. मी तसंच सांगितलं, त्यानं जुनं कॅन्सल केलं आणि २१०० चं नवीन दिलं. आवाज चढवावा लागला नाही.

पोरगं मनापासून वाढत होतं म्हणून निघताना त्याच्या हातात थेट टीप दिली. सर्व्हिस चार्ज नाकारणं म्हणजे वेटरचं मारणं नव्हे, उलट बिलातून घेतलेला सर्व्हिस चार्ज वाढणाऱ्या पोरापर्यंत किती पोचतो हे आपल्याला कधीच कळत नाही, हातात दिलेले मात्र पोचतात.

वाक्य एवढंच ठेवा: काय काढायचंय आणि नवीन बिल हवंय. पोलिसाचं नाव काढू नका, व्हिडिओ काढायला लागू नका, त्यानं काउंटरवरचा माणूस घाबरतो आणि मग हट्टाला पेटतो. आणि पैसे द्यायच्या आधीच बोला, एकदा स्कॅन झालं की परत मिळवायला फार वेळ जातो.

४. या हॉटेलला जीएसटी घेता येतो का ते बघा

सर्व्हिस चार्जबद्दल सगळे बोलतात, पण आपल्या भागात त्याच्यापेक्षा ही पायरी जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत आहे, कारण सर्व्हिस चार्ज मोठ्या हॉटेलात आणि ही चूक लहान हॉटेलात होते, आणि आपण रोज लहान हॉटेलातच जेवतो.

हॉटेलं तीन तऱ्हेची समजा. पहिलं, ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्यानं जीएसटीची नोंदणीच केलेली नाही. त्याला एक रुपया पण जीएसटी म्हणून घेता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर नाही पण जीएसटीची ओळ आहे, असं दिसलं तर तिथंच विचारा.

दुसरं, नेहमीची नोंदणी असलेलं. त्याला जीएसटी घ्यायचाच असतो, त्याच्याशी यावर वाद घालू नका.

तिसरं, कंपोझिशन स्कीममधलं. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर लहान हॉटेलवाला ही स्कीम घेऊ शकतो, हिशोब सोपा राहतो, तो आपल्या एकूण विक्रीवर ५ टक्के कर सरकारला स्वतःच्या खिशातून भरतो. पण अट अशी की तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. त्याला जीएसटी नंबर मिळतो, तो बिलावर छापतो पण, आणि इथंच फसगत होते, कारण आपल्याला वाटतं नंबर आहे म्हणजे कर घेणार. त्याच्या बिलाचं नाव टॅक्स इनव्हॉइस नसतं, बिल ऑफ सप्लाय असतं, आणि त्यावर वरच्या बाजूला आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर गोळा करायला पात्र नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ असायला लागते. तशी सूचना हॉटेलात दिसेल अशा जागी लावायची पण अट आहे. प्रत्यक्षात पाटी क्वचितच दिसते, म्हणून नंबरच तपासायचा:

- gst.gov.in उघडा, वर Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडा
- बिलावरचा पंधरा अक्षरी नंबर टाका, खाली चित्रातले आकडे भरा
- नाव, पत्ता, Taxpayer Type आणि Status दिसेल

Taxpayer Type समोर Regular असेल तर ठीक. Composition असेल आणि बिलात सीजीएसटी-एसजीएसटी वेगळा लावला असेल तर तो घ्यायला नको होता. Status समोर Active च्या ऐवजी Cancelled असेल तर नोंदणी रद्द झालेली आहे, त्यालाही कर घेता येत नाही.

दोन ठिकाणी घाई करू नका. पाटीवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव वेगळं असू शकतं, पाटीवर हॉटेलचं नाव आणि नोंदणी मालकाच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावावर, त्यात चोरी काही नाही, पत्ता जुळतो का ते बघा. आणि पोर्टलवर आजची स्थिती दिसते, बिल सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर मधल्या काळात हॉटेलवाल्यानं स्कीम बदललेली असू शकते.

ऑफिसच्या बिलात एकदा मिरज रोडच्या एका थाळीच्या हॉटेलचं बिल आलं. जेवण ६४०, वर १६ आणि १६ जीएसटी, एकूण ६७२. नंबर टाकून बघितला तर कंपोझिशन. जाता-येता रस्त्यातच म्हणून थांबलो आणि मोबाईलवर मालकांना दाखवलं. ते काका खरंच गडबडले. बिलाचं मशीन ज्या पोरानं बसवून दिलं त्यानं सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पदार्थाला ५ टक्के कर आधीच टाकून ठेवलेला, आणि यांना वाटलं सगळीकडं तसंच असतं. ३२ रुपये त्यांनी लगेच परत दिले आणि मी तिथं असतानाच मशीनवाल्याला फोन लावला. लहान हॉटेलात मला बहुतेक हेच कारण सापडलंय, म्हणून पहिलं बोलणं "तुम्ही लुटताय" असं नको, "काका, तुमची नोंदणी कंपोझिशनची दिसते, मशीनमध्ये कर कसा काय येतोय" असं विचारा.

ते म्हणाले, "मग आमचा कर कुठनं भरायचा?" प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर असं की तो थाळीच्या दरातच धरायचा. १६० ची थाळी १७० करा, मेनूवर लिहा, गिऱ्हाईक बघून बसेल. फक्त बिलात जीएसटी म्हणून वेगळी ओळ टाकायची नाही.

५. दर बरोबर आहे का: ५ का १८

साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, म्हणजे अडीच आणि अडीच. एसी असो नसो. २०१७ च्या जुलैत सुरुवातीला एसीला १८ आणि बिगर एसीला १२ होता, पण त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून दोन्हीला ५ झाला. तरी "एसी सेक्शन हाय म्हणून १८" असं कुणी म्हटलंच तर ते जुनं झालं. एसी हॉलच्या मेनूत दर जास्त असतील तर तो भाग वेगळा, ते चालतं.

१८ टक्के खरोखर लागतो तो राहायच्या मोठ्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटला. आदल्या आर्थिक वर्षात तिथली एखादी तरी खोली दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेली असेल तर आतल्या रेस्टॉरंटचा दर १८. महाबळेश्वर-पाचगणीला हे नेहमी लागतं. २००० च्या जेवणावर तिथं कर १०० नाही, ३६० होईल, आणि ते कायदेशीर आहे. तुम्ही त्या हॉटेलात राहायला नसलात, नुसतं जेवायला गेलात, तरी १८ च. बाहेर बाजारपेठेतल्या स्वतंत्र रेस्टॉरंटला मात्र ५. म्हणून विचारायचं कधी, तर लॉजच्या खोल्या दोन-तीन हजाराच्या आणि खालच्या रेस्टॉरंटनं १८ लावलाय तेव्हा. त्यातही एप्रिल २०२५ पासून हॉटेलवाला स्वतःहून घोषणापत्र देऊन १८ चा दर निवडू शकतो, तर तसं दिलंय का एवढं विचारा, दिलं असेल तर विषय संपला.

परमिट रूम असेल तर अजून एक. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. जेवण १२०० आणि ड्रिंक्स ९०० असतील तर ५ टक्के जीएसटी १२०० वर, म्हणजे ६० रुपये, सगळ्या २१०० वर १०५ नाही. बरीच हॉटेलं दोन वेगळी बिलं काढतात, ते बरंच, तपासायला सोपं.

आणि मेनूवर "सर्व करांसहित" लिहिलेलं असताना बिलात परत जीएसटी आला तर तो मेनूचा फोटो दाखवा, दोन्ही एकावेळी होत नाही.

६. यावरून वाद घालू नका

पाण्याची बाटली बाहेर २० ला आणि बसून जेवताना ३० ला, यावर भांडण होताना मी खूप बघितलंय. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटली नुसती विकली जात नाही, बसायची जागा, वाढणं हे सगळं त्यात येतं, म्हणून एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं. पटो न पटो, कायदा तसा आहे. नको असेल तर बाटली उघडायच्या आधी परत करा आणि साधं पाणी मागा. मेनूवर बाटलीचा दर २५ आणि बिलात ३० असेल तर मात्र विचारा.

पार्सलचं पॅकिंग चार्ज पण तसंच, आधी सांगितलं असेल तर द्या. पण पार्सलवर सर्व्हिस चार्ज लावला तर लगेच काढायला सांगा, तिथं वाढायला कुणी आलेलंच नाही.

आणि "जीएसटी घेऊन खिशात घालतात" असं सरसकट बोलू नका. ५ टक्क्यांच्या दरात हॉटेलवाल्याला त्यानं स्वतः खरेदीवर, भाड्यावर, गॅसवर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही, तो त्याच्या अंगावरच पडतो. कुणी भरत नसेल तर तो वेगळा मामला, पण नोंदणी Regular आणि Active दिसत असेल तर आपल्या बाजूनं शंका घ्यायला जागा नाही.

७. ऐकलंच नाही तर

सर्व्हिस चार्ज काढायला साफ नकार दिला, बरोबर लहान पोरं आहेत, रात्र झालीय, तर तिथं अडून बसू नका. पैसे यूपीआयनं द्या, रोख नको, म्हणजे तारीख-वेळेसह पुरावा राहतो. बिलाची प्रत घ्या, मेनूचा फोटो घ्या, आणि कोण काय म्हणालं ते बाहेर येऊन मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. किंवा consumerhelpline.gov.in वर स्वतः नोंदवा. हॉटेलचं पूर्ण नाव, पत्ता, बिल नंबर, तारीख, सर्व्हिस चार्जची रक्कम, काढायला सांगितलं होतं आणि काय उत्तर मिळालं, एवढं तयार ठेवा. तक्रारीचा नंबर मिळतो तो जपून ठेवा. हेल्पलाइन हे कोर्ट नाही, ते हॉटेलला कळवून तडजोड करायला लावतात. बरीच हॉटेलं तिथूनच ताळ्यावर येतात, पण एखाद्यानं उत्तरच दिलं नाही तर हेल्पलाइन त्याला दंड करू शकत नाही.

मग पुढं दोन वाटा. एक म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज, ४ जुलैच्या सूचनांत ही सोय स्पष्ट दिलेली आहे, अर्ज केंद्रीय प्राधिकरणाकडं पण पाठवता येतो, com-ccpa@nic.in वर. दुसरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, सांगलीला पण आहे आणि साताऱ्याला पण. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही. पण तारखा पडतात, कामावरून रजा काढावी लागते, म्हणून एकट्याच्या दोनशे रुपयांसाठी मी आधी जिल्हाधिकाऱ्यांचा अर्ज करीन. लग्नाच्या किंवा कंपनीच्या पार्टीत पाच-दहा हजार सर्व्हिस चार्ज लावला असेल तर आयोगाचा विचार करा.

कंपोझिशन असून जीएसटी घेतला, किंवा नंबरच नसताना घेतला, ही तक्रार वेगळ्या दारात जाते. त्यासाठी राज्य जीएसटी विभागाच्या सांगली किंवा सातारा ऑफिसात साधा अर्ज द्या, बिलाची झेरॉक्स आणि पोर्टलवरच्या पानाची प्रिंट जोडा, आणि आपल्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसह मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला आणि नाही दिला सारखाच, तेवढं मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.